ठिबकच्या बैठकीत विहिरीचा प्रश्न

परवा गावच्या शेतकरी बैठकीत ठिबक आणि मोकाट पाणी या विषयावर बोललो. तेच थोडं सावरून इथे लिहितोय.

सुरुवात इस्रायलपासून केली. १९३० च्या दशकात सिम्हा ब्लास या पाणी अभियंत्याला एक झाड आसपासच्या झाडांपेक्षा जोमदार दिसलं. बुडाशी उकरलं तर पाइपाच्या जोडातून पाणी थेंबथेंब गळत होतं. वर ओल इवलीशी, खाली मात्र ती कांद्यासारखी फुगून मुळांपर्यंत गेलेली. पण ही युक्ती शेतात उतरायला प्लास्टिकची नळी यावी लागली. भोक बारीक पाडलं तर कचऱ्याने बुजतं, मोठं पाडलं तर धार लागते. ब्लासने पाणी लांब मळसूत्री वाटेने फिरवलं. त्यात पाण्याचा जोर मोडला, आणि वाट रुंद ठेवूनही थेंबच पडला. १९६५ मध्ये त्याचा हत्झेरीम किबुट्झशी करार झाला आणि तिथून नेटाफिम उभी राहिली.

मग हिशेब मांडला. एकरावर एक मिलिमीटर पाणी म्हणजे साधारण ४,००० लिटर. उन्हाळ्यात वाढीचा ऊस रोज ६ मिलिमीटर पितो असं धरलं तर दिवसाला २४,००० लिटर. मोकाट पाण्यात आपण एका पाळीला ७५ मिलिमीटर, म्हणजे ३ लाख लिटर सोडतो. दहा दिवसांची पिकाची तहान २ लाख ४० हजार. फरक दिसतो तेवढा मोठा नाही! खरा घोटाळा वाटपात आहे. सरीच्या तोंडाशी पाणी मुळांखाली उतरतं, शेवटाला अर्धवट पोचतं. पाळीनंतर दोन-तीन दिवस मुळं गुदमरतात, शेवटी तहानतात. ठिबकवर वाफसा टिकतो, हीच त्याची कमाई.

तीही नळ्या नीट असतील तर. ताशी ४ लिटरच्या ड्रिपरखाली पंधरा मिनिटं डबा ठेवा, एक लिटर भरला पाहिजे. पहिल्या आणि शेवटच्या नळीत बराच फरक पडला तर फिल्टर धुवा, नळ्यांची टोकं उघडून गाळ काढा.

एवढ्यात मागून एक आजोबा म्हणाले, "सगळ्या शिवारात ठिबक झालं, मग विहीर मार्चातच का बसते रे?"

खरं सांगावं लागलं. ठिबकने उसाची तहान कमी होत नाही. मुळांखाली गेलेलं पाणीही सगळं वाया जात नव्हतं, त्यातलं काही झिरपून आपल्याच विहिरीला येत होतं. आणि जे वाचलं त्यावर आम्ही वाढीव ऊस लावला. मी स्वतः दोनाचे तीन एकर केले. म्हणजे रोजचे ४८,००० लिटर ७२,००० झाले, आणि ते पिकातून हवेत गेलं, परत विहिरीत नाही.

आजोबा म्हणाले, "मग तो तिसरा एकर यंदा हरभऱ्याला दे."

अजून ठरवलेलं नाही.