संस्कृतिसंक्रमणाचा ताण व स्वदेशविरह
परदेशी स्थायिक होताना तेथील भाषा, रीतिरिवाज व मूल्ये अंगीकारण्यात कुटुंबास जो मानसिक ताण सोसावा लागतो, त्याचे पद्धतशीर विवेचन कॅनडातील मानसशास्त्रज्ञ जॉन बेरी यांनी केले. या ताणाचे मूळ बहुधा वेगाच्या विषमतेत असते: शाळेत जाणारे मूल नवी संस्कृती झपाट्याने आत्मसात करते, तर मातापित्यांच्या मनातील मायदेश त्यांनी तो सोडला त्या वर्षीच थबकलेला असतो.

अमेरिकेने १९६५ च्या कायद्याने राष्ट्रवार कोटापद्धती रद्द केल्यावर तिकडे गेलेल्या मराठी अभियंत्यांच्या व डॉक्टरांच्या घरांत याचा प्रत्यय येई. आईने मराठीत विचारावे आणि मुलाने इंग्रजीत उत्तर द्यावे, हे बालवाडीनंतर स्वाभाविकच घडते. परंतु विरहाने आधीच हळव्या झालेल्या आईस त्यात अवज्ञा दिसते, ती शिस्त आवळते आणि मूल घरी बोलणेच कमी करते. पुढे शाळेची पत्रे व दवाखान्याचे अर्ज मुलानेच आजीआजोबांस समजावून द्यावयाचे झाले, म्हणजे घरातील अधिकाराचा क्रमच उलटतो. माझ्या मते खरी इजा येथेच होते.

स्वदेशविरह सणावारी उसळतो व आप्तांच्या सहवासात ओसरतो. मात्र उदासी, निद्रानाश व सर्वच गोष्टींविषयी अनास्था दोन आठवड्यांहून अधिक काळ अखंड टिकल्यास तो विरह न समजता अवसादाच्या शक्यतेने वैद्यकीय तपासणी करवावी. मुलांत हाच ताण पुष्कळदा शाळेच्या सकाळी होणाऱ्या पोटदुखीच्या रूपाने प्रकटतो.