घड्याळाच्या काट्यांमधील कोन

घड्याळाचा तासकाटा व मिनिटकाटा यांच्यामधील लहान कोन अंशांत काढण्याचे उदाहरण महाराष्ट्रातील शिष्यवृत्ती परीक्षेच्या बुद्धिमत्ता चाचणीत आढळते.

साडेचारचे उदाहरण

साडेचार वाजता मिनिटकाटा ६ वर असतो. तासकाटा ४ वरच आहे असे समजून अनेक विद्यार्थी ६०° हे उत्तर देतात. ते चुकीचे आहे, कारण अर्ध्या तासात तासकाटा ४ आणि ५ यांच्या मध्यावर आलेला असतो.

तासकाटा एका तासात ३०° सरकतो, म्हणजे मिनिटाला अर्धा अंश. मिनिटकाटा मिनिटाला ६° सरकतो. १२ पासून मोजल्यास साडेचारला तासकाटा १२० + १५ = १३५° वर आणि मिनिटकाटा १८०° वर असतो. म्हणून कोन ४५° होतो.

इतर वेळा

कोणत्याही वेळेसाठी ३० × तास आणि ५.५ × मिनिटे यांतील फरक काढावा. बारा वाजल्यानंतरच्या तासात तास ० धरावा. सव्वाचारला १२० − ८२.५ = ३७.५° मिळतात. फरक १८०° हून अधिक आल्यास तो ३६०° मधून वजा करावा. दहा वाजून दहा मिनिटांनी फरक ३०० − ५५ = २४५° येतो, म्हणून लहान कोन ११५° होय.

पडताळा

‘साडे’च्या वेळी, तसेच दीड व अडीच वाजता, कोन १५°, ४५°, ७५°, १०५°, १३५° किंवा १६५° एवढाच असू शकतो. ६०° वा ९०° उत्तर आल्यास तासकाट्याचे १५° विसरले आहेत असे समजावे.