सोळा ओळींचा बाप्पा

मंडळी, तर झालं असं. शुक्रवारी रात्री ऑफिसातून घरी आलो तर सोसायटीच्या लिफ्टजवळ घरगुती गणपती सजावट स्पर्धेची नोटीस लागलेली. आठ नियम. त्यातला सातवा: "सजावटीच्या विषयावर सामाजिक संदेश देणारी स्वरचित कविता सोबत लावावी. मर्यादा सोळा ओळी."

म्हटलं, हे तर सोपं. आपण रोज मर्यादा घातलेली खोकी भरतो. वीस मिनिटांत "झाडे लावा, पाणी वाचवा" छापाच्या सोळा ओळी झाल्या. बायकोला वाचून दाखवल्या. ती म्हणाली, "छान आहे. पण हे तू नक्की कुणाला सांगतोयस?"

झोप उडाली! शनिवार-रविवार या एकाच प्रश्नात गेला. गणपतीपुढे पद्यातून संदेश द्यायची आपली परंपरा जुनी आहे. मग ते लोक कुणाला सांगत होते?

सुरुवात मेळ्यांपासून करू. पुण्यात सार्वजनिक उत्सव १८९३ साली सुरू झाला आणि १८९४ पासून मेळे जोरात आले. मेळा म्हणजे एकसारखा पोशाख केलेल्या मुलांचा ताफा. आधी काही आठवडे तालीम चालायची, मग उत्सवात ठिकठिकाणच्या गणपतीपुढे उभं राहून पदं म्हणायची. पदांच्या छोट्या पुस्तिका छापल्या जात. पदाच्या डोक्यावर 'चाल' दिलेली असे, आणि ती बहुधा गाजलेल्या नाट्यपदाची. याचा फायदा बघा. चाल आधीच लोकांच्या तोंडात असल्यामुळे नवे शब्द एका रात्रीत पाठ व्हायचे. वाचता न येणाराही घरी जाताना ते गुणगुणत जायचा.

आणि संदेश? इथे जरा अडखळायला होतं. १८९४ च्या पदांतला एक ठळक संदेश होता, हिंदूंनी मोहरमच्या ताबुतांत सामील होऊ नये. त्याआधी पुण्यात कित्येक हिंदू ताबुतांत हौसेने नाचत, स्वतःचे ताबूत बसवत. १८९३ च्या मुंबईतल्या दंग्यानंतर हवा बदलली आणि पदांनी ती घरोघरी नेली. ताबुतांतला हिंदूंचा सहभाग खरोखरच ओसरला. म्हणजे पद्य लागू पडलं. समोर बसलेल्या माणसालाच ते एक ठरावीक कृती सांगत होतं, म्हणून लागू पडलं. पण त्याने शेजाऱ्याला शेजाऱ्यापासून तोडलं. लागू पडणारा संदेश चांगला असेलच असं नाही, हे पहिल्याच वर्षांत दिसलं.

दुसरी गोष्ट नाशिकची. सावरकर बंधूंची 'मित्रमेळा' ही संघटना १९०४ मध्ये 'अभिनव भारत' झाली. मेळ्याचे कवी गोविंद, म्हणजे गोविंद त्र्यंबक दरेकर, पायांनी अधू होते, पण त्यांची पदं दूरवर फिरली. पदांत देव असत, दैत्य असत, शिवाजी महाराज असत. इंग्रजांचं नाव घ्यायची गरजच नसे. अशा कवितांची पुस्तिका प्रसिद्ध केली म्हणून बाबाराव सावरकरांना जून १९०९ मध्ये जन्मठेप, काळं पाणी झालं. अपील मुंबई हायकोर्टात गेलं, तिथे न्यायमूर्ती होते नारायण गणेश चंदावरकर. स्वतः समाजसुधारक, मराठी उत्तम जाणणारे. त्यांच्या निकालाचा मथितार्थ असा की देवांची नावं हे निमित्त आहे, आणि मराठी जाणणारा कुणीही यातून सरकारविरुद्ध युद्धाखेरीज दुसरा अर्थ काढणार नाही. थोडक्यात, रूपक समजणारा माणूसच खुर्चीवर बसला होता. शिक्षा कायम राहिली.

तिसरी गोष्ट १९२० च्या दशकातली, आणि मला सगळ्यात जवळची. आता बोट परक्या सरकारकडे नव्हतं, आपसात होतं. केशवराव जेधे आणि दिनकरराव जवळकर यांच्या ब्राह्मणेतर चळवळीचा 'छत्रपती मेळा' पुण्यात उभा राहिला आणि तो जुन्या 'सन्मित्र समाज मेळ्या'ला पदांनीच उत्तर देऊ लागला. दोन्हीकडून भाषा पार घसरली, मारामारीपर्यंत गोष्टी गेल्या. पण त्यामागचा प्रश्न खरा होता: उत्सव 'सार्वजनिक' म्हणायचा, तर त्यात नक्की कोण कोण? १९२६ साली दादरच्या सार्वजनिक गणेशोत्सवात हाच प्रश्न प्रबोधनकार ठाकरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अगदी सरळ विचारला. अस्पृश्यांनाही पूजेचा हक्क हवा, या मागणीवर तिथे मोठा संघर्ष झाला.

रविवारी दुपारी मी या तिन्ही गोष्टी कागदावर मांडल्या. त्यातून माझ्यासारख्या हौशी कवीसाठी तीन तपासण्या निघाल्या. ऐकणारा समोर हजर आहे का? त्याने नेमकं काय करायचं, ते कळतंय का? आणि शेवटची, जी मला आधी सुचलीच नव्हती: या ओळींची किंमत कोण मोजणार? बाबारावांनी स्वतः मोजली. १८९४ च्या पदांची किंमत मात्र दुसऱ्यांनी मोजली.

"झाडे लावा" पहिल्याच तपासणीत नापास. आमच्या सोसायटीत झाड लावायला वीतभर जागा नाही.

मग आठवली लिफ्टच्या दारावरची ती दुसरी पाटी. जिथे स्पर्धेची नोटीस लागली होती, तिच्या अगदी शेजारी: घरकामाला येणाऱ्यांनी मागची लिफ्ट किंवा जिना वापरावा. मागची लिफ्ट मे महिन्यापासून बंद आहे. ही पाटी मी चार वर्षं रोज बघतोय, आणि मी मीटिंगमध्ये एकदाही तोंड उघडलेलं नाही.

आमच्याकडच्या मावशींना सोमवारी सकाळी विचारलं. त्या हसल्या. मग म्हणाल्या, "लिहा दादा, पण माझं नाव नका घालू. अजून तीन घरं आहेत मला हितं." तिसरी तपासणी म्हणतात ती हीच. म्हणून कवितेत त्या नुसत्या 'मावशी' आहेत आणि खाली फ्लॅट नंबरासकट माझं नाव आहे. मखर म्हणजे पुठ्ठ्याची लिफ्ट, दार उघडं. छंद साधी अष्टाक्षरी, म्हणजे ओळीत आठ अक्षरं. कुठल्याही ओळखीच्या चालीत बसते.

चौथ्या मजल्यावरती
आला गणपती घरी,
मोदकाला कळी पाडी
मावशींची बोटे खरी.

पहाटेस फरशीला
त्यांचा हात लागलेला,
त्याच हाताने नैवेद्य
देवापुढे मांडलेला.

देव म्हणे, "मावशी, या
आरतीला, थांबा जरा."
खाली पाटी सांगे मात्र,
"तुम्हां जिना आहे बरा."

बाप्पा बसे लिफ्टमध्ये,
दार धरून तो राही,
म्हणे, "वर जातो, पण
मावशींच्याविना नाही."

सोळा भरल्या. कविता म्हणून फार थोर नाही, ठाऊक आहे :-) पण ऐकणारे समोर आहेत, आणि करायचं काम एवढंच की एक पाटी काढायची.

काल कमिटीतल्या काकांचा फोन आला. "कविता छान आहे रे, पण विषय जरा 'जनरल' करता येईल का?" मी म्हटलं, "काका, पाटी जनरल करा, कविता आपोआप होईल."

बक्षिसाचं बघू. पुढच्या महिन्याच्या मीटिंगसाठी पाटीचा विषय मात्र लेखी दिलाय, सहीनिशी.