रंगाला दुसरी खूण, अक्षराला पुरेशी जागा

खेळाच्या ऑप्शन्स मेनूमध्ये दोन नव्या ओळी वाढवायच्या आहेत: एक रंगसंच निवडण्याची, दुसरी सबटायटलचा आकार ठरवण्याची. काम ऐकायला दुपारभराचे वाटते. मेनू तयार आहे, बटणे तयार आहेत, निवड साठवणारी फाइलही आहे. मग उरले काय? या विषयाकडे नव्याने वळणाऱ्या वाचकांनी याच प्रश्नापासून सुरुवात करावी, कारण उरलेले जवळजवळ सगळे काम मेनूच्या बाहेर आहे. मेनूतली ओळ सर्वांत शेवटी येते. तिच्या मागे काय तयार असावे लागते, ते एका लहानशा उदाहरणाच्या आधाराने येथे पाहू.

आधी डोळ्यांविषयी थोडे. आपल्या दृष्टिपटलात रंग ओळखणाऱ्या तीन प्रकारच्या शंकुपेशी असतात. लांब, मध्यम आणि आखूड तरंगलांबीला त्या अनुक्रमे अधिक प्रतिसाद देतात. लांब आणि मध्यम तरंगलांबीच्या पेशींची जनुके एक्स गुणसूत्रावर असतात. त्यामुळे लाल-हिरव्यातला गोंधळ पुरुषांत पुष्कळ अधिक आढळतो. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकसंख्येत तो सुमारे 8 टक्के पुरुषांत आणि सुमारे 0.5 टक्के स्त्रियांत असतो. निळ्या बाजूचा दोष फारच विरळ. यांतले बहुतेक लोक रंग पाहतात, फक्त काही जोड्या त्यांना एकमेकींजवळ सरकलेल्या दिसतात. रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन याने 1794 मध्ये स्वतःच्या या दृष्टीविषयी व्याख्यान दिले होते. त्याच्या जतन केलेल्या डोळ्यांतील डीएनए 1995 मध्ये तपासला गेला, तेव्हा त्याच्यात मध्यम तरंगलांबीच्या पेशींचा अभाव होता असे निघाले. त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण वेगळे होते. डोळ्यातला द्रव निळसर असल्यामुळे असे होते, असे तो मानत असे. आपल्या दोषाचा प्रकार डाल्टनसारख्याला नेमका ठाऊक नव्हता, तर सामान्य खेळाडूला तो ठाऊक असेल असे धरून मेनू रचू नये.

आता उदाहरण. गोदो 4 या मुक्त इंजिनात बनवलेला एक छोटा खेळ समजा. वरून दिसणारा नकाशा, शत्रू लाल, मित्र हिरवे, मधूनमधून संवाद. लाल रंग `#C0392B`, हिरवा `#27AE60`. बहुसंख्य डोळ्यांना हे दोन रंग अगदी वेगळे वाटतात. पण त्यांच्या उजळपणाचे गुणोत्तर काढले तर ते जेमतेम 1.9 येते. म्हणजे वेगळेपणाचा बहुतेक भार छटेवर आहे, आणि ज्याला तीच छटा नीट कळत नाही त्याच्या हाती फार थोडे उरते. ज्यांच्या लांब तरंगलांबीच्या पेशी काम करत नाहीत, त्यांना लाल रंग शिवाय काळपट दिसतो. रात्रीच्या नकाशावरचा लाल शत्रू त्यांच्यासाठी अंधारात विरून जातो.

येथे एक सोपा वाटणारा मार्ग समोर येतो: संपूर्ण चित्रावर रंग बदलणारा फिल्टर चढवणे. वाचकांनी त्यापासून सावध राहावे, याची कारणे दोन. पहिले असे की फिल्टर शत्रूबरोबर आकाश, चेहरे, गवत यांचेही रंग फिरवतो. खेळाडूची तक्रार दोन खुणांविषयी असते, आपण त्याचे सगळे जग रंगवून टाकतो. दुसरे कारण अधिक गमतीचे आणि अधिक खेदाचे आहे. रंगांधत्व असलेल्या माणसाला काय दिसते याचे अनुकरण करणारी गणिते सहज मिळतात. ती रचनाकाराने स्वतः तपासण्यासाठी असतात. तेच अनुकरण ‘रंगांधत्व मोड’ म्हणून खेळाडूला दिले, तर ज्याला आधीच दोन रंग सारखे दिसतात त्याला ते आणखी सारखे करून दाखवले जातात. चूक ओळखण्याची रीत सोपी आहे: मोड चालू केल्यावर तुमच्या स्वतःच्या डोळ्यांना लाल आणि हिरवा एकमेकांसारखे दिसू लागले, तर तुम्ही मदत नव्हे, अनुकरण बसवले आहे.

योग्य मार्ग जरा लांबचा आहे. खेळात जेथे जेथे रंगाला अर्थ आहे, तेथे रंगाचा क्रमांक काढून त्याच्या जागी भूमिकेचे नाव ठेवायचे. ‘लाल’ नव्हे, ‘शत्रू’. मग सर्व भूमिकांचे रंग एकाच ठिकाणी राहतात:

```gdscript
extends Node
signal changed

var sets = {
	"default": {"foe": Color("#C0392B"), "ally": Color("#27AE60")},
	"safe": {"foe": Color("#E69F00"), "ally": Color("#0072B2")},
}
var current = "default"

func get_color(role):
	return sets[current][role]
```

दुसऱ्या संचातील नारिंगी आणि निळा हे रंग मासाताका ओकाबे आणि केई इतो या जपानी संशोधकांनी सुचवलेल्या आठ रंगांच्या संचातले आहेत. शास्त्रीय आलेखांत तो संच आज सर्रास वापरला जातो. नारिंगी-निळी जोडी रंगांधत्वाच्या तिन्ही मुख्य प्रकारांत वेगळी राहते आणि उजळपणाचे गुणोत्तरही 2.3 पर्यंत जाते. माझे मत येथे स्पष्ट सांगतो: तीन वैद्यकीय नावांचे तीन संच देण्यापेक्षा सर्वांना चालेल असा एक संच आधी तयार करावा, आणि शक्य असेल तर तोच खेळाचा मूळ संच असावा. त्यापुढे संच वाढवायचे असतील तर मेनूत त्यांची नावे ‘ड्युटेरानोपिया’ वगैरे न ठेवता प्रत्येकाशेजारी शत्रू आणि मित्र यांचे खरे चित्र दाखवावे. खेळाडू बघून निवडेल.

भूमिकांची नावे देणे हे काम तासाभराचे, पण रंग कोठे कोठे लपले आहेत ते शोधणे हे दिवसांचे. कोडमधले रंग शोधून सापडतात. चित्रात रंगवलेले सापडत नाहीत. आपल्या उदाहरणात शत्रूचा सदरा चित्रातच लाल आहे. गोदोमधील `modulate` हा गुणधर्म मूळ चित्राच्या रंगाला नव्या रंगाने गुणतो, त्यामुळे लाल सदऱ्यावर नारिंगी चढवला की नारिंगी सदरा मिळत नाही, काळपट लालच मिळतो. संच बदलल्यावर एखादी वस्तू अचानक काळवंडली, तर तिचे चित्र पांढऱ्या-करड्यात पुन्हा काढावे लागणार, हे समजावे. लहान नकाशावरचे ठिपके, जखमेचे आकडे आणि शिकवणीतले ‘लाल दार उघडा’ हे वाक्य, या तीन जागाही हमखास सुटतात.

एवढे झाल्यावरही रंगावर सगळा भार टाकू नये. शत्रूच्या डोक्यावर त्रिकोण, मित्राच्या डोक्यावर वर्तुळ, अशी दुसरी खूण दिली की रंगसंच हा आधार न राहता सोय होतो. ‘ह्यू’ हा 2016 चा खेळ तर रंग बदलण्यावरच उभा आहे. त्यानेही प्रत्येक रंगाला एक चिन्ह देण्याची सोय ठेवली. ज्या खेळाचा विषयच रंग आहे त्याला जे जमले, ते इतरांना जड जाऊ नये.

आता सबटायटलकडे वळू. सबटायटल केवळ कमी ऐकू येणाऱ्यांसाठी असतात हा समज टिकणारा नाही. ‘असॅसिन्स क्रीड ओरिजिन्स’ मध्ये सुमारे 60 टक्के खेळाडूंनी ती स्वतःहून चालू केली, आणि पुढच्या ‘ओडिसी’त ती आधीपासूनच चालू ठेवली तेव्हा सुमारे 95 टक्के खेळाडूंनी तशीच राहू दिली, असे त्या खेळांच्या कंपनीकडूनच सांगितले गेले आहे. आकाराबाबत मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स मार्गदर्शिकेत दूरचित्रवाणीवरील 1080 ओळींच्या पडद्यासाठी कोणत्याही मजकुराची किमान उंची 26 पिक्सेल दिली आहे. सबटायटलसाठी जाणकार 46 च्या आसपास सुचवतात. आपल्या उदाहरणातला खेळ टेबलावर, हातभर अंतरावरून तपासला गेला, म्हणून त्यात 24 आहे. सोफ्यावरून तो वाचता येत नाही.

येथे 36, 46, 60 आणि 80 असे चार आकार ठेवू, मूळ आकार 46. गोदोमध्ये ओळ एकच लागते:

```gdscript
label.add_theme_font_size_override("font_size", 60)
```

स्लायडर सरकतो, अक्षर मात्र हलत नाही, असे झाले तर त्या लेबलला `LabelSettings` जोडलेले आहे का ते पाहावे. ते असताना वरची ओळ निष्प्रभ ठरते. पुढची अडचण चौकटीची. अक्षर मोठे झाले की एका ओळीच्या दोन होतात, आणि पडद्याच्या तळाशी बसवलेली चौकट खाली वाढत गेली तर दुसरी ओळ पडद्याबाहेर जाते. `grow_vertical` बदलून चौकट वरच्या दिशेने वाढू द्यावी, मागे गडद पट्टी ठेवावी, आणि 80 वर सर्वांत लांब संवाद तपासावा. तो तीन ओळींत गेला, तर आकार कमी करण्याऐवजी संवाद दोन भागांत तोडावा.

मराठीत खेळ करणाऱ्यांसाठी येथे दोन गोष्टी अधिक आहेत, आणि परकीय मार्गदर्शिकांत त्या सहसा सापडत नाहीत. ओळीत 38-40 पेक्षा जास्त अक्षरे नकोत, हा नियम रोमन लिपीसाठी बेतलेला आहे. ‘स्त्री’ हे डोळ्यांना एक अक्षर. `String.length()` त्याचे 6 मोजते. तोच नियम लावला तर मराठी संवाद विनाकारण तुटत जातात. म्हणून अक्षरे न मोजता `get_multiline_string_size()` ने प्रत्यक्ष रुंदी आणि उंची मोजावी. दुसरी गोष्ट ओळींतल्या अंतराची: वेलांटी-रफार वर आणि उकार खाली जात असल्याने इंग्रजीसाठी आवळलेल्या अंतरात वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या मात्रेला भिडतो. ‘कुर्ऱ्यात’ आणि त्याखाली ‘मैत्री’ अशा दोन ओळी सर्वांत मोठ्या आकारात लावून पाहिल्या की कळते. गोदोच्या जुन्या, 3 क्रमांकाच्या आवृत्त्यांत तर देवनागरी जोडाक्षरे नीट जुळतच नसत. 2023 च्या 4.0 पासून ती जुळतात.

आता कोठे मेनूची पाळी येते. जुन्या खेळाडूंच्या फाइलमध्ये या दोन निवडी नसणार, म्हणून वाचताना मूळ किंमत सोबत द्यावी: `config.get_value("access", "palette", "default")`. ती दिली नाही तर नवी आवृत्ती घेतल्यावर नेमके जुने, निष्ठावान खेळाडू त्रुटीला सामोरे जातात. दोन्ही निवडी पहिल्या संवादाच्या आधी दिसाव्यात आणि खेळ थांबवूनही बदलता याव्यात. मेनूतच एक नमुना संवाद निवडलेल्या आकारात दिसला, तर खेळाडूला आत-बाहेर येरझाऱ्या घालाव्या लागत नाहीत.

रंग तपासण्यासाठी ‘कलर ऑरॅकल’ हे विनामूल्य साधन संपूर्ण पडद्यावर अनुकरण दाखवते. ते रचनाकाराच्या टेबलावर असावे. अंतिम शब्द मात्र ज्याला खरोखर तसे दिसते त्या खेळाडूचा. पुढील प्रकरणांकडे जाण्याआधी वाचकांनी एक करावे: आपल्या खेळाच्या सर्वांत गर्दीच्या क्षणाचा स्क्रीनशॉट घ्यावा, तो पूर्ण करडा करावा आणि दोन मीटर मागे सरकून पाहावा. शत्रू कोण हे सांगता येत नसेल, किंवा खालची ओळ वाचता येत नसेल, तर कामाची सुरुवात तेथूनच करावी.