शॉकच्या संमतिपत्राची कुळकथा

मेंदूला विजेचा शॉक देण्याआधी ज्या कागदावर सही किंवा अंगठा घेतात, तो कागद त्या उपचारापेक्षा वयाने लहान आहे. एप्रिल १९३८मध्ये रोममध्ये उगो सेर्लेत्ती आणि लुचो बिनी यांनी माणसावरचा पहिला शॉक दिला, तेव्हा असा कागद नव्हता. रुग्ण रेल्वे स्टेशनात भरकटलेला सापडला होता आणि पोलिसांनी त्याला दवाखान्यात पाठवलं होतं. पहिला झटका कमी पडला, आकडी आली नाही. दुसरा द्यावा का, यावर डॉक्टरांची चर्चा चालू असताना इतका वेळ असंबद्ध बोलणारा तो माणूस स्पष्ट म्हणाला की आता पुन्हा नको, यात जीव जाईल. ही हकिकत सेर्लेत्तींनी स्वतःच नंतर लिहून ठेवली आहे. दुसरा झटका दिला गेला, आणि पुढच्या काही झटक्यांनंतर माणूस बराही झाला. पण तो नाही म्हणाला होता, हे कुठेच धरलं गेलं नाही.

कागद आला तो पुढे, आणि आला तो जवळजवळ कोराच. लंडनच्या फ्रायर्न रुग्णालयात १९५४मध्ये जॉन बोलम या नैराश्याच्या रुग्णाने संमतिपत्रावर सही केली होती. आकडीत हाड मोडू शकतं, एवढं मात्र त्याला कोणी सांगितलं नव्हतं. स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक दिला, हातपाय धरूनही ठेवले नव्हते. आकडीच्या जोराने दोन्ही मांड्यांच्या हाडांची डोकी खुब्याच्या खोबणी फोडून आत घुसली. १९५७मध्ये खटला उभा राहिला आणि बोलम हरला. हाड मोडण्याचा धोका दहा हजारांत एकाला, आणि विचारल्याशिवाय तो न सांगण्याची बऱ्याच डॉक्टरांची रीतच होती. जबाबदार डॉक्टरांचा एखादा गट जी रीत योग्य मानतो ती पाळली तर निष्काळजीपणा नाही, हा निकालाचा गाभा. म्हणजे कागदावर काय असावं हे डॉक्टरांनी ठरवायचं. रुग्णाला काय जाणून घ्यायचंय हा प्रश्नच नाही. शॉकच्या खटल्यातून निघालेली ही कसोटी पुढे सगळ्याच वैद्यकाला लागू झाली आणि भारतातही आली.

आपल्याकडे त्यात घरच्यांची भर पडली. वेड लागलेल्याला काय विचारायचं, म्हणून सही भावाची नाहीतर नवऱ्याची. सर्वोच्च न्यायालयाचा २००८चा समीरा कोहली निकाल शॉकबद्दल नाही, पण इथे महत्त्वाचा आहे. तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईची गर्भपिशवी डॉक्टरांनी बाहेर बसलेल्या तिच्या आईची परवानगी घेऊन काढली होती. बाई सज्ञान होती, शुद्धीवर येईपर्यंत थांबता आलं असतं, तेव्हा आईची परवानगी चालणार नाही, असं न्यायालयाने म्हटलं. किती माहिती द्यायची, या बाबतीत मात्र न्यायालयाने माप डॉक्टरांच्याच हाती ठेवलं.

ते माप मानसिक आरोग्याच्या बाबतीत बदललं २०१७च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने. उपचाराचे फायदे, धोके आणि दुसरे पर्याय त्या माणसाला कळेल अशा भाषेत आणि कळेल अशा रीतीने सांगितले, तरच ती संमती. साधी भाषा, खाणाखुणा, चित्रं, काहीही वापरा. भूल आणि स्नायू सैल करणारं औषध न देता शॉक देणं याच कायद्याने बंद केलं. त्यासाठी तमिळनाडूतल्या एरवाडीत मनोरुग्णांच्या आश्रमाला लागलेल्या आगीनंतर ‘सार्थक’ संस्थेने सर्वोच्च न्यायालयात याचिका लावली होती. तातडीच्या उपचाराच्या नावाखालीही आता शॉक देता येत नाही.

आता हा कागद सेलू तालुक्यातल्या देवगाव फाट्यावरच्या एखाद्या घरापर्यंत नेऊन पाहू. समजा, चाळिशीची मजुरी करणारी बाई. दोन महिन्यांपासून बोलत नाही, आठवडाभर घोटभर पाण्यावर आहे. नवरा आणि भाऊ तिला मोठ्या सरकारी दवाखान्यात घेऊन आलेत. बाईला अक्षरओळख नाही, भाऊ सातवी शिकलेला. छापील कागदावर ‘विद्युत-आक्षेपी उपचारपद्धतीचे संभाव्य दुष्परिणाम मला समजावून सांगण्यात आले आहेत’ असं वाक्य असतं. भाऊ ते वाचेल, सहीसुद्धा करेल. त्यात दुष्परिणाम मात्र एकही नाही. बोलमच्या कागदाचाच हा नातू.

त्याजागी मी असं लिहीन: “तुमचं जेवणखाण बंद आहे, जिवाला धोका आहे, म्हणून शॉक सुचवतोय. गोळ्या हा दुसरा रस्ता आहे, पण त्यांना गुण यायला काही आठवडे लागतात. आधी सुईतून भूल देऊ. तुम्हाला शॉक कळणार नाही. मशीन काही सेकंद चालतं, मेंदूत मिनिटभराच्या आत संपणारी फिट येते. औषधामुळे अंग फार हलत नाही. थोड्या वेळाने जाग येते, तेव्हा गोंधळल्यासारखं होतं. डोकं, जबडा, अंग दुखू शकतं. आठवड्यातून दोन-तीनदा, असे साधारण सहा ते बारा शॉक लागतात. या दिवसांतलं बरंच आठवणार नाही. पुष्कळसं परत येतं. काही जणांच्या थोड्या जुन्या आठवणी परत येत नाहीत. जीव जाण्याचा धोका फार कमी आहे, पण आहे. बरं वाटल्यावर गोळ्या बंद केल्या तर आजार उलटू शकतो.”

आठवणीबद्दलचं वाक्य गाळायचा मोह फार होतो, घरचे घाबरतील म्हणून. मला वाटतं, हाड मोडण्याचं वाक्य ज्या कारणाने गाळलं जायचं, तेच हे कारण आहे.

उपाशी राहण्याची ओळ वेगळी, मोठ्या अक्षरात हवी. ‘उपाशीपोटी आणा’ म्हटलं की आपल्याकडे सकाळचा चहा त्यात धरत नाहीत. दुधाचा चहा हा पोटाच्या हिशेबात खाण्यातच जमा. त्यालाही सहा तास लागतात. भुलेत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेततं. म्हणून लिहायचं: “रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही. सकाळी चहा, दूध, बिस्कीट काही नाही. रोजची गोळी कधी आणि किती पाण्यासोबत घ्यायची ते आम्ही सांगू.” शेजारी कपबशीचं चित्र आणि त्यावर फुली.

वाचून दाखवलं म्हणजे कळलं असं नव्हे. ‘समजलं का?’ म्हटलं की मान हलतेच. म्हणून उलट विचारायचं: “भाऊ, घरी गेल्यावर आईला काय सांगाल?” भाऊ म्हणतो, “करंट देऊन डोकं साफ करतेत.” इथे थांबून भूल, फिट, आठवण हे तीन भाग पुन्हा सांगायचे, आणि मग पुन्हा त्याच्याच तोंडून ऐकायचे. ‘अंगठा दिला की आता बोलायचं नाही’ हा समजही इथेच सापडतो. त्यासाठी एक ओळ हवी: “मधेच नको वाटलं तर सांगा. शॉक थांबवू, बाकीचे उपचार चालू राहतील.”

आणि बाईचं काय? ती बोलतच नसेल, तर निर्णय घेण्यासाठी तिला किती मदत लागते ते तपासायचं. मानेने, हाताच्या खुणेने दिलेलं उत्तरही कायद्याला चालतं. तेही जमत नसेल तरच तिचा नामनिर्देशित प्रतिनिधी तिच्या वतीने संमती देतो, आणि तीही तात्पुरती. दर सात दिवसांनी तिची क्षमता पुन्हा पाहावी लागते. तिसऱ्या-चौथ्या शॉकनंतर ती भाकरी मागू लागली, लेकरांची चौकशी करू लागली, की प्रतिनिधीच्या सहीची मुदत संपली. उरलेल्या शॉकसाठी तोच कागद आता तिला पहिल्यापासून वाचून दाखवायचा. कालपरवाचं तिला आठवत नसेल, म्हणून पुढच्या वेळीही. आणि ती नको म्हणाली, तर तिचं ‘नको’ केसपेपरवर तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून लिहायचं.