चार ओळींची वंशावळ

लॉ कॉलेजात परीक्षा जवळ आली की पोस्टकार्डाएवढी कार्डं निघतात. वर केसचं नाव, खाली चार ओळी: फॅक्ट्स, इश्यू, होल्डिंग, रीझनिंग. या चार ओळी कोणी एका बैठकीत ठरवलेल्या नाहीत. त्या वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या गरजांपोटी आल्या.

सर्वांत जुना धागा इंग्लंडच्या ‘इयर बुक्स’मध्ये सापडतो. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धापासून 1535 पर्यंत वेस्टमिन्स्टरच्या कोर्टात चाललेल्या वादांची ही टिपणं. कोण वकील काय बोलला, न्यायाधीशाने त्याला कसं अडवलं, मग दुसऱ्याने कोणता पवित्रा घेतला, हे सगळं त्यात आहे. नसतं ते बऱ्याचदा एवढंच, की शेवटी जिंकलं कोण. टिपणाऱ्याला युक्तिवादाचे डावपेच शिकायचे होते, निकालाचं त्याला फारसं सोयरसुतक नव्हतं. आज लेक्चरमध्ये घाईघाईने लिहिलेली वही उघडून पाहा, ती हुबेहूब अशीच असते. सरांनी विचारलेले चार ‘समजा असं झालं असतं तर’, मागच्या बाकावरून आलेलं उत्तर, त्यावरचा प्रतिप्रश्न. कोर्टाने काय ठरवलं, ते मात्र तास संपल्याच्या गडबडीत राहून जातं.

पुढे निवाडे पूर्वाधार म्हणून वापरले जाऊ लागले, तशी टिपणांची शिस्त वाढली. एडमंड प्लाउडन याने 1571 साली आपले रिपोर्ट छापले, तेव्हा मूळ कागदपत्रं वाचून, कायद्याच्या प्रश्नावर खरोखर निकाल लागला असेल तेच खटले घेतले. दोन शतकांनी लॉर्ड मॅन्सफील्डच्या कोर्टातले निवाडे जेम्स बरो याने छापले. त्याने खटल्याची हकिगत एकीकडे, वकिलांचे युक्तिवाद दुसरीकडे आणि न्यायाधीशाचं मत तिसरीकडे अशी मांडणी केली. फॅक्ट्सची ओळ वेगळी पडली ती साधारण इथे. ही वाटणी विद्यार्थ्यांसाठी नव्हती. नव्या खटल्याच्या हकिगतीशी जुनी हकिगत ताडून पाहता यावी, ही वकिलांची गरज होती.

विद्यार्थी या गोष्टीत आला 1870 मध्ये, हार्वर्डला. ख्रिस्तोफर कोलंबस लँगडेल नुकताच तिथे डीन झाला होता. त्याने व्याख्यान देण्याचं सोडून वर्गात पहिलाच प्रश्न केला: फॉक्स नावाच्या विद्यार्थ्याने ‘पेन विरुद्ध केव्ह’ या खटल्याच्या फॅक्ट्स सांगाव्यात. मग दुसऱ्याला युक्तिवाद विचारले, तिसऱ्याला त्याचं स्वतःचं मत. पोरं वैतागली, वर्गाची हजेरी घटली. पण ज्याला वर्गात कधीही उभं करतील, तो आदल्या रात्री निवाड्याचा गोषवारा लिहूनच ठेवणार. केस ब्रीफ ही त्या धास्तीची निपज आहे.

तो पहिलाच खटला कार्डावर उतरवून पाहू. 1789 चा निवाडा. दारू गाळण्याच्या भट्टीतलं थंडाव्याचं पिंप आणि त्यातली प्यूटर धातूची वेटोळी नळी लिलावाला निघाली. केव्हने शेवटची बोली लावली, 40 पौंड. पुकारणारा हातोडा हाणेना, आणखी कोणी चढतं का याची वाट पाहत राहिला. वर म्हणाला, नळीचं वजन बघता माल याहून जास्त किमतीचा आहे. केव्हने विचारलं, वजनाची हमी देता? पुकारणारा नाही म्हणाला. मग मला नको, असं म्हणून केव्ह बाजूला झाला. पुढच्या एका लिलावात तोच माल 30 पौंडांना गेला आणि पडलेल्या फरकासाठी पेनने केव्हवर दावा लावला. कोर्टाने तो मान्य केला नाही.

वर्गातल्या चर्चेवरून कार्ड लिहिणाऱ्याचा पाय इथे हमखास घसरतो तो वजनावरून. वजनाची कुरबुर रंगतदार आहे, वर्गात तिच्यावर दहा मिनिटं जातात आणि कार्डावर इश्यू म्हणून येतं, ‘वजनाची हमी नाकारल्यास बोली मागे घेता येते का?’ हे चूक. पारखायचं कसं, तर हकिगतीतून ती गोष्ट काढून टाकायची. केव्हने काहीही कारण न देता माघार घेतली असती तरी निकाल तोच लागला असता, म्हणजे वजन महत्त्वाचं नाही. महत्त्वाची गोष्ट एकच, हातोडा पडलेला नव्हता. 1930 मध्ये आर्थर गुडहार्टने रेशोबद्दलचा आपला प्रसिद्ध लेख लिहिला, त्याचा रोख हाच होता: न्यायाधीशाने कोणत्या फॅक्ट्स महत्त्वाच्या धरल्या ते आधी शोधा. तेव्हा कार्ड असं होतं:

फॅक्ट्स: लिलावात शेवटची बोली लावणाऱ्याने हातोडा पडण्याआधी ती मागे घेतली. माल नंतर कमी किमतीला गेला, मालकाने फरक मागितला.
इश्यू: हातोडा पडण्याआधी बोली मागे घेता येते का?
होल्डिंग: येते. दावा टिकत नाही.
रीझनिंग: बोली हा नुसता प्रस्ताव. करार व्हायला दोन्ही बाजूंची संमती लागते आणि विकणाऱ्याची संमती हातोड्याने कळते. तोवर कोणीच बांधलेलं नाही.

शेवटच्या दोन ओळी वेगळ्या ठेवण्याचं शास्त्र यूजीन वॉम्बॉ याचं. 1892 च्या आपल्या पुस्तकात त्याने विद्यार्थ्यांना हेडनोट लिहायला शिकवलं आणि एक उलटापालटीची कसोटी दिली. कारण म्हणून लिहिलेलं वाक्य नेमकं उलटं करा. तरीही निकाल तोच लागत असेल तर ते वाक्य रेशो नव्हे, ओघात आलेलं बोलणं. ‘बोली हा प्रस्ताव नसून स्वीकार आहे’ असं उलटून पाहा: केव्ह लगेच बांधला जातो आणि निकाल फिरतो. म्हणजे ओळ बरोबर आहे. बऱ्याच कार्डांवर रीझनिंगमध्ये होल्डिंगच जरा लांबण लावून पुन्हा लिहिलेलं असतं, तिथे मात्र ही कसोटी पुरत नाही, कारण होल्डिंग उलटलं की निकालही उलटणारच.

गंमत म्हणजे हाच चौकोन आपल्याकडे कायद्यातच बसवलेला आहे. 1908 च्या दिवाणी प्रक्रिया संहितेतला आदेश 20, नियम 4 सांगतो की निकालपत्रात खटल्याची थोडक्यात हकिगत, निर्णयासाठीचे मुद्दे, त्यांवरचा निर्णय आणि त्याची कारणं असावीत. (लघुवाद न्यायालयांना फक्त मुद्दे आणि निर्णय पुरतात.) महाराष्ट्रातल्या कुठल्याही दिवाणी न्यायालयाचं निकालपत्र हातात घ्या. एका बाजूला मुद्दे, समोर निष्कर्ष असा तक्ता आणि त्याखाली कारणमीमांसा. त्यामुळे आपल्या विद्यार्थ्याला हार्वर्डपर्यंत जायची गरज नाही. तालुक्याच्या कोर्टातल्या निकालावर हात बसवला तरी चालतं. उच्च आणि सर्वोच्च न्यायालयाच्या लांबलचक निकालांत मात्र हा तक्ता सहसा नसतो. तिथे इश्यू स्वतः शोधावा लागतो आणि छापील हेडनोट उतरवून घेण्याचा मोह होतो. ती हेडनोट संपादकाची असते, न्यायाधीशाची नव्हे.

कार्ड आलं ते उजळणीसाठी. 1972 मध्ये सेबास्टियन लाइटनरने खोक्यांची पद्धत मांडली: आलेलं कार्ड पुढच्या कप्प्यात, चुकलेलं परत पहिल्या. त्यासाठी ओळी सुट्या हव्यात, म्हणजे इश्यू वाचून खालचं झाकता येतं. एकाच परिच्छेदात सगळं कोंबलं की डोळा आधीच उत्तरावर जातो. शिवाय नेमकं काय विसरलं तेही कळतं. होल्डिंग बहुतेकांना आठवतं, अडतात ते रीझनिंगवर.

आणि तीच ओळ पुढे लागते. ‘पेन विरुद्ध केव्ह’चं होल्डिंग आपल्याकडे 1930 च्या माल विक्री कायद्याच्या कलम 64 मध्ये आलेलंच आहे, ते कलमावरूनही लिहिता येईल. पण प्रश्न असा आला, की सरकारी लिलावात बोली वरिष्ठांच्या मंजुरीच्या अधीन होती, हातोडा पडला आणि मंजुरी येण्याआधी बोली लावणारा मागे फिरला, तर? नुसतं होल्डिंग पाठ असलेला ‘हातोडा पडला, करार झाला’ असं लिहून मोकळा होतो. रीझनिंग ज्याच्या लक्षात आहे तो आधी विचारतो की विकणाऱ्याची संमती कोणत्या क्षणी पूर्ण झाली, आणि लिलावाच्या अटी वाचायला घेतो.