यात्रेची बस रात्री हायवेवर बंद पडली तर: प्रवाशांची काळजी कशी घ्यायची, टूरवाल्याचा अहवाल कसा असावा

बारामती, इंदापूर : तुळजापूर, अक्कलकोट, गाणगापूर, पंढरपूर. या भागातल्या गावागावांतून यात्रेच्या बस सुटतात आणि बहुतेक बस परतीचा प्रवास रात्रीच करतात. सकाळी दर्शन, दुपारी महाप्रसाद, संध्याकाळी निघायचं आणि पहाटेपर्यंत घरी. गाडी बंद पडते तीही याच वेळेत. बस बंद पडणं हा एरवी साधा बिघाड असतो. रात्रीच्या हायवेवर त्यातून मोठा अपघात होऊ शकतो, आणि त्याला कारण बिघाड नसतो. माणसं कुठे उभी राहिली, हे कारण असतं.

सप्टेंबर २०२३ मध्ये दोन दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या. ११ सप्टेंबरला तामिळनाडूत नाट्रमपल्लीजवळ सहलीवरून परतणारी व्हॅन पंक्चर झाली. काही महिला उतरून व्हॅनच्या पुढे, दुभाजकाजवळ बसल्या. मागून आलेल्या वाहनाने व्हॅनला धडक दिली, व्हॅन पुढे ढकलली गेली आणि सात महिला जागीच गेल्या. १३ सप्टेंबरला पहाटे राजस्थानात भरतपूर जिल्ह्यात, जयपूर-आग्रा हायवेवर गुजरातच्या भावनगरहून मथुरेला निघालेली यात्रेची बस पुलावर बंद पडली. काही प्रवासी उतरून बसच्या मागे थांबले होते. भरधाव ट्रकने धडक दिली आणि किमान ११ यात्रेकरूंचा जीव गेला.

एका ठिकाणी माणसं गाडीच्या पुढे होती, दुसऱ्या ठिकाणी मागे. दोन्ही घटना एकच सांगतात. बंद गाडीच्या मागे थांबू नये, पुढेही थांबू नये आणि गाडीला टेकून तर अजिबात थांबू नये. दुरुस्ती त्यानंतरची गोष्ट आहे.

पहिली दहा मिनिटं

बिघाडाची चाहूल ड्रायव्हरला बहुधा आधी लागते. तापमानाचा काटा वर जातो, हवेचा दाब उतरतो, जळका वास येतो, गाडी ओढत नाही. धूर किंवा आग नसेल आणि ब्रेक लागत असतील, तर गाडी हळू चालवत पेट्रोल पंप, ढाबा किंवा सर्व्हिस रोडपर्यंत न्यावी. पूल, वळण आणि चढाचा माथा या तीन जागी गाडी थांबू द्यायची नाही, कारण तिथे मागच्याला बस उशिरा दिसते आणि पुलावर माणसांना बाजूला जायला जागाच नसते. हवेचा दाब फार उतरला तर बऱ्याच बसचे ब्रेक आपोआप जाम होतात. मग गाडी जागची हलत नाही. म्हणून काटा उतरायला लागला की लगेच कडेला घ्यावी.

थांबताना गाडी पांढऱ्या पट्टीच्या बाहेर, जितकी डावीकडे जाईल तितकी घ्यावी. चारही इंडिकेटर सुरू करावेत, हँडब्रेक ओढावा आणि उताराच्या बाजूने चाकाला ओट लावावी. आतले पंखे, टीव्ही आणि स्पीकर बंद करावेत. इंजिन बंद असताना हे सगळं बॅटरीवर चालतं. इंडिकेटर मंद लुकलुकायला लागले तर बॅटरी उतरत आहे असं समजावं. बॅटरी संपली की बस अंधारात दिसेनाशी होते.

त्यानंतर लाल रिफ्लेक्टरचा त्रिकोण मागे ठेवायचा. तो किती लांब ठेवायचा, हे साध्या हिशोबाने कळतं. ताशी ८० किलोमीटर वेगाचा ट्रक एका सेकंदात २२ मीटर जातो. ड्रायव्हरला दिसून पाय ब्रेकवर जाईपर्यंत दोन सेकंद, म्हणजे ४४ मीटर जातात. भरलेला ट्रक थांबायला पुढे आणखी ५०-६० मीटर लागतात. म्हणून त्रिकोण किमान १०० मीटर मागे हवा. मोठ्या माणसाची सुमारे १३० पावलं होतात. बसपासून दहा पावलांवर ठेवलेला त्रिकोण काहीच कामाचा नाही. ठेवायला जाणाऱ्याने रस्त्याच्या कडेच्या बाहेरून, पेटती बॅटरी हातात घेऊन चालावं आणि त्रिकोण ठेवून लगेच कडेबाहेर यावं.

त्रिकोण नसला की आपल्याकडे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवतात. उसाची ट्रॉली पंक्चर झाली की हेच होतं. पण गाडी निघून जाते आणि दगड रस्त्यावरच राहतात. मग पहाटे दूध घेऊन निघालेला मोटारसायकलवाला त्यावर पडतो. ठेवलेली प्रत्येक वस्तू निघताना उचलायची, आणि उचलली हे अहवालात लिहायचं.

हे चालू असतानाच प्रवाशांना डाव्या दाराने उतरवावं. लोखंडी कठड्याच्या पलीकडे नेऊन, बसपासून थोडं मागच्या बाजूला पण रस्त्यापासून दूर थांबवावं. धडक बसलीच तर बस पुढे ढकलली जाते, म्हणून पुढची बाजू टाळायची. कठडा ओलांडण्याआधी पलीकडे खड्डा, विहीर किंवा कालवा तर नाही ना, हे बॅटरी मारून पाहावं. इंदापूर तालुक्यात हायवेलगत चाऱ्या आणि कालवे बरेच आहेत.

ज्यांना उतरता येत नाही अशा वृद्धांचं काय, हा प्रश्न प्रत्येक यात्रेत येतो. दोघांनी मिळून उचलून उतरवणं हेच बरं. मुसळधार पावसामुळे किंवा बाजूला जागाच नसल्याने कुणाला आत ठेवावं लागलं, तर मागच्या पाच-सहा रांगा रिकाम्या करून त्यांना मधल्या भागात डाव्या बाजूला बसवावं. हा नाइलाजाचा उपाय आहे, सुरक्षित नाही. धूर किंवा जळका वास असेल तर हा पर्यायही नाही. सामान सोडून सगळ्यांनी उतरायचं.

फोन कुणाला

राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा मोफत मदत क्रमांक आहे. गस्तीची गाडी, क्रेन आणि रुग्णवाहिका त्यावरून मागता येते. पुणे-सोलापूर हायवे राष्ट्रीय महामार्ग आहे. राज्य मार्गावर किंवा जिल्हा रस्त्यावर ११२ लावावा. बसचा काही भाग चालत्या लेनमध्ये असेल तर कुठल्याही रस्त्यावर आधी ११२ लावावा. माणूस आजारी असेल तर १०८.

फोनवर "इंदापूरच्या अलीकडे" एवढं सांगून भागत नाही. रस्त्याची बाजू म्हणजे पुण्याकडे जाणारी की सोलापूरकडे, जवळच्या किलोमीटर दगडावरचा आकडा, मागचा टोलनाका आणि प्रवासी किती, या चार गोष्टी सांगाव्यात. बाजू चुकली की गस्तीच्या गाडीला पुढच्या वळणापर्यंत जाऊन परत यावं लागतं.

अहवाल कसा असतो

टूरवाल्याचा अहवाल म्हणजे काय झालं याची वेळेनुसार नोंद. मॅनेजरने ती तिथेच वहीत किंवा मोबाईलवर लिहावी, दुसऱ्या दिवशी आठवून लिहू नये. खाली नमुना म्हणून एक प्रसंग धरला आहे. बारामतीची बस, ४४ प्रवासी, दोन ड्रायव्हर, एक क्लीनर, एक मॅनेजर. अक्कलकोटहून परत येताना टेंभुर्णी सोडल्यावर, भीमानगरच्या पुलाच्या अलीकडे.

रात्री ११.४२ : तापमानाचा काटा लालवर. पुढे पूल असल्याने ड्रायव्हरने पुलाआधीच बस डावीकडे घेतली. बाजू सोलापूरकडून पुण्याकडे. बोनेटमधून वाफ, खाली पाणी गळत आहे.

११.४४ : चारही इंडिकेटर सुरू, चाकाला ओट, क्लीनर त्रिकोण घेऊन १३० पावलं मागे.

११.५२ : सर्व प्रवासी कठड्यापलीकडे. यादीप्रमाणे नाव घेऊन मोजले, ४४. बसमध्ये कुणी नाही हे दुसऱ्या ड्रायव्हरने सीट तपासून पाहिलं.

११.५४ : १०३३ ला फोन. त्यानंतर मालकाला आणि इंदापूरच्या दुसऱ्या बसवाल्याला फोन.

१२.१० : साखरेचा त्रास असलेल्या एका आजींना घाम आणि थरथर. शुद्धीवर होत्या, तीन चमचे साखर पाण्यातून दिली. १२.२५ ला बरं वाटलं, मग बिस्किटं दिली.

१२.३५ : गस्तीची गाडी आली, मागे दिवा लावून थांबली.

१.२० : दुसरी बस आली. बंद बसच्या पुढे, कडेला उभी केली. दहा-दहा जणांना कठड्याच्या आतल्या बाजूने चालवत नेऊन बसवलं.

१.४० : पुन्हा मोजणी, ४४. त्रिकोण गस्तीच्या गाडीजवळ ठेवला, कारण बस तिथेच आहे.

३.१५ : बारामती. सर्व उतरले.

बिघाड : रेडिएटरचा होज पाईप फुटल्याचं ड्रायव्हरचं म्हणणं. मेकॅनिकची खात्री बाकी.

या नमुन्यात तीन गोष्टी बघण्यासारख्या आहेत. मोजणी दोनदा झाली आणि आकडा तोच आला. बस आली तेव्हा कुणी लघवीला पलीकडे गेलेलं असतं किंवा शेतात पाणी शोधायला गेलेलं असतं, आणि तो माणूस मागे राहतो. म्हणून महिलांना तीन-चारच्या गटाने, एकाने बॅटरी धरून न्यावं आणि रस्ता ओलांडून कुणालाही जाऊ देऊ नये. दुसरी गोष्ट, आजींना काय दिलं आणि किती वाजता दिलं हे लिहिलं आहे, त्यामुळे पुढे दवाखान्यात गेल्यास डॉक्टरांना सांगता येतं. शुद्ध हरपलेल्या माणसाच्या तोंडात मात्र साखर-पाणी काहीही घालू नये, १०८ बोलवावी. तिसरी गोष्ट, बिघाडाचं कारण "म्हणणं" असं लिहिलं. अंदाज आणि खात्री वेगळी ठेवली नाही तर विम्याच्या वेळी तोच कागद टूरवाल्याच्या अंगाशी येतो.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण मदतीच्या घाईत कुणी उघडू नये. आत दाबाखाली उकळतं पाणी असतं, ते तोंडावर उडतं. इंजिन पूर्ण थंड होईपर्यंत थांबावं. रात्रीच्या हायवेवर ही दुरुस्ती करण्यापेक्षा दुसरी बस बोलावणं केव्हाही बरं.

अहवाल कुणाकडे राहतो

एक प्रत टूरवाल्याकडे, एक बसमालकाकडे आणि प्रवाशांपैकी गटप्रमुखाकडे त्याचा फोटो असावा. खाली दोन प्रवाशांच्या सह्या घ्याव्यात. ठरलेलं दर्शन किंवा मुक्काम चुकला आणि पैशांवरून वाद झाला, तर पैसे भरल्याची पावती आणि हा वेळांचा कागद दोन्ही लागतात. ग्राहक आयोगाकडे तक्रार करायला दोन वर्षांची मुदत असते. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

यात्रेचे पैसे भरण्याआधी गावकऱ्यांनी टूरवाल्याला चार गोष्टी दाखवायला सांगाव्यात : लाल त्रिकोण, चालू बॅटरी, औषधपेटी आणि प्रवाशांची यादी, ज्यात प्रत्येकाच्या नावापुढे घरचा फोन आणि चालू असलेली औषधं लिहिलेली आहेत. यादी बसमध्ये आणि मालकाच्या घरी, दोन्हीकडे हवी.